बाण उजवीकडे, वाट डावीकडे

गोव्यातील हडफडे येथे ६ डिसेंबर २०२५च्या रात्री एका नाइट क्लबला आग लागली आणि पंचवीस जणांचा जीव गेला. मृतांत तिथल्या कर्मचाऱ्यांची संख्या मोठी होती. बाहेर पडण्याऐवजी काही जण खाली तळघरातल्या स्वयंपाकघराकडे गेले आणि तिथेच अडकले, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. आठ वर्षांपूर्वी, २९ डिसेंबर २०१७ रोजी, मुंबईच्या कमला मिलमधील आगीत चौदा जण गेले. त्यांपैकी अनेकांचे मृतदेह स्वच्छतागृहात सापडले. दोन्ही ठिकाणी कारणे वेगळी होती आणि नियमभंगही बरेच होते. पण एक गोष्ट समान आहे. धूर भरू लागला तेव्हा माणसे धावली, आणि त्यांतली काही बाहेरच्या दिशेने नव्हे, तर आणखी आत गेली.

अशा प्रत्येक घटनेनंतर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघतात. अग्निशामक सिलिंडर किती, त्यांची मुदत कधी संपते, पाण्याची टाकी भरलेली आहे का, पंप चालतो का, याची यादी होते. महाराष्ट्रात २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन ते दर जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे असते. या तपासणीत भिंतीवरचा सुटकेचा नकाशा, म्हणजे ‘इव्हॅक्युएशन प्लॅन’, बहुधा एका टिचकीत निकाली निघतो. लावला आहे का? आहे. पुढचा मुद्दा.

हा नकाशा बरोबर आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रुग्णालये, लॉज, मंगल कार्यालये, कोचिंग क्लास, सरकारी कार्यालये अशा ठिकाणी लावलेले नकाशे थांबून पाहिले, तर त्यांतले काही वाचणाऱ्याला थेट उलट दिशेला पाठवू शकतात. त्यामागचे कारण साधे आहे. ते ओळखायला अभियंता असावे लागत नाही.

एकच नकाशा, दोन भिंती

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातले पन्नास खाटांचे एक रुग्णालय डोळ्यांसमोर आणू. दुसऱ्या मजल्यावर पूर्व-पश्चिम असा बत्तीस मीटर लांबीचा मार्गिकेचा पट्टा आहे. दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. पश्चिम टोकाला लिफ्ट, मुख्य जिना आणि त्याला लागून विजेच्या मीटरची खोली. पूर्व टोकाला दुसरा, आपत्कालीन जिना. रुग्णांचे नातेवाईक रोज मुख्य जिन्यानेच वर येतात. पूर्वेकडचा जिना बहुतेकांना ठाऊकही नसतो.

रुग्णालयाने वास्तुविशारदाकडून मजल्याचा आराखडा घेतला. अशा आराखड्यात उत्तर दिशा वर असते, म्हणून पूर्व उजवीकडे आणि पश्चिम डावीकडे येते. त्यावर संगणकावर लाल बाण काढले, ‘एक्झिट’ असे लिहिले आणि दुकानातून चार प्रती छापून फ्रेम करून आणल्या. दोन प्रती मार्गिकेच्या उत्तरेकडच्या भिंतीवर लागल्या, एक दक्षिणेकडच्या भिंतीवर आणि एक पश्चिम टोकाला, लिफ्टशेजारी.

आता मीटरच्या खोलीतून धूर निघू लागला, असे समजा. मार्गिकेत उभा असलेला एक नातेवाईक उत्तरेकडच्या भिंतीवरचा नकाशा पाहतो. त्याचे तोंड उत्तरेला आहे, म्हणून पूर्व त्याच्या उजव्या हाताला. नकाशातही आपत्कालीन जिना उजवीकडे. तो उजवीकडे वळतो आणि बरोबर जातो.

समोरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीवरचा तोच नकाशा दुसरा नातेवाईक पाहतो. त्याचे तोंड दक्षिणेला आहे. नकाशा त्यालाही सांगतो की जिना उजवीकडे. पण दक्षिणेकडे तोंड केलेल्या माणसाच्या उजव्या हाताला पश्चिम असते. तो बाणाप्रमाणे वळला, तर तो मीटरच्या खोलीकडे, धुराच्या तोंडाशी जाईल.

तिसरी प्रत पश्चिमेच्या भिंतीवर आहे. तिच्यासमोर उभ्या असलेल्याची उजवी बाजू उत्तर असते आणि आपत्कालीन जिना त्याच्या पाठीमागे असतो. नकाशातला उजवा बाण त्याला खोलीच्या दाराकडे पाठवतो. एकच कागद, तीन ठिकाणी लावला, तर एका जागी खरा, एका जागी उलटा आणि एका जागी काटकोनात चुकलेला.

हा दोष छपाईचा नाही आणि आराखड्याचाही नाही. आराखडा मोजमापाच्या दृष्टीने अचूकच आहे. चूक ही की तो भिंतीप्रमाणे फिरवलेला नाही.

माणसाचा मेंदू भिंतीवरचा नकाशा कसा वाचतो, यावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्विन लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात प्रयोग केले. भिंतीवरच्या नकाशात ‘वर’ म्हणजे ‘समोर’ असे आपण आपोआप धरतो, हे त्यांनी दाखवले. नकाशा त्याप्रमाणे लावलेला असेल तर वाचणारा विचार न करता निघतो. तो उलटा लावलेला असेल तर आधी मनातल्या मनात फिरवावा लागतो, आणि बरेच लोक तो न फिरवताच चुकीच्या दिशेला जातात. शांत वातावरणात, हातात वेळ असताना ही स्थिती असेल, तर घाबरलेल्या माणसाकडून मनात नकाशा फिरवण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

म्हणूनच अशा नकाशांसाठी असलेल्या आयएसओ २३६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात अट आहे की नकाशा पाहणाऱ्याच्या उभे राहण्याच्या दिशेशी जुळवलेला असावा. समोरची बाजू वर, उजव्या हाताची बाजू उजवीकडे. उत्तर दिशा वर असण्याला इथे काहीच महत्त्व नाही. आराखडा फिरवला तरी अक्षरे मात्र सरळच वाचता आली पाहिजेत, म्हणून नुसती जुनी फ्रेम उलटी टांगून चालत नाही. नव्याने छापावे लागते.

यातून तपासणीची एक सोपी खूण मिळते. ‘तुम्ही येथे आहात’ हा ठिपका प्रत्येक नकाशावर वेगळ्या जागी असायला हवा, कारण वाचणारा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी उभा असतो. त्यामुळे एका मजल्यावर दोन ठिकाणी हुबेहूब सारखे नकाशे दिसले, तर त्यांतला निदान एक तरी चुकीचा असतो. आपल्या उदाहरणातल्या रुग्णालयाला चार जागांसाठी चार वेगळे कागद हवेत. खर्चात फारसा फरक पडत नाही. प्रत्येक कागदामागे संगणकावर काही मिनिटे जास्त बसावे लागते, इतकेच.

नकाशातून काय काढून टाकायचे

दुसरी अडचण उलटी आहे. नकाशात फार काही असते. वास्तुविशारदाच्या आराखड्यात खांब, भिंतींची जाडी, दारांच्या चौकटी, मापे, पाण्याच्या वाहिन्या असे सारे असते. हे बांधकामाला लागते. अनोळखी माणसाला फक्त चार प्रश्नांची उत्तरे हवी असतात. आपण कुठे आहोत? जवळची वाट कोणती? ती बंद असेल तर दुसरी कोणती? बाहेर पडल्यावर कुठे जायचे?

त्यामुळे चांगल्या नकाशात पांढऱ्या पार्श्वभूमीवर फक्त भिंती, जिने आणि दारे राहतात. सुटकेची वाट फिक्या हिरव्या पट्ट्याने दाखवतात आणि तिच्यावर गडद हिरवे बाण असतात. ‘तुम्ही येथे आहात’ हा ठिपका निळा असतो, म्हणजे तो हिरव्यात हरवत नाही. सिलिंडर, पाण्याची होजरील आणि धोक्याची घंटा वाजवण्याचे बटण लाल चौकोनांत येतात.

रंगांची ही वाटणी सजावटीसाठी नाही. सुरक्षा चिन्हांच्या भाषेत हिरवा म्हणजे सुरक्षित वाट, लाल म्हणजे आग विझवण्याचे साधन किंवा मनाई. आपल्याकडच्या अनेक नकाशांत सुटकेचे बाणच लाल असतात. मग सिलिंडरही लाल, बटणही लाल आणि वाटही लाल. नजर कुठेच ठरत नाही. शिवाय लाल बाणाचा अर्थ ‘इकडे जा’ की ‘इकडे जाऊ नका’, असा संभ्रम होऊ शकतो.

आकाराचाही प्रश्न असतो. ए-४ कागदावर संपूर्ण मजला बसवला की चिन्हे तांदळाच्या दाण्याएवढी होतात. मानकानुसार सर्वसाधारण नकाशा निदान ए-३ आकाराचा हवा. ए-४ फक्त एका खोलीसाठी, जसे की लॉजच्या दारामागे, चालतो. आपल्या रुग्णालयाची मार्गिका बत्तीस मीटरची आहे. एकास शंभर या प्रमाणात ती कागदावर बत्तीस सेंटिमीटर होते. ए-३ कागद आडवा धरला तर बेचाळीस सेंटिमीटर मिळतात. मजला त्यात बसतो आणि खुणांच्या यादीसाठी बाजूला जागाही उरते. इमारत खूप मोठी असेल तर एकास अडीचशे हे प्रमाण वापरतात. त्याहून बारीक करण्यापेक्षा मजल्याचे दोन भाग करून दोन नकाशे लावणे बरे.

मग नकाशा टांगायचा कुठे? तो डोळ्यांच्या उंचीवर, उजेडात आणि माणूस जिथे नाहीतरी थांबतो अशा जागी हवा. लिफ्टची वाट पाहताना, औषधांच्या खिडकीसमोर, नातेवाईकांच्या बाकांजवळ. नोटीस बोर्डाच्या गर्दीत किंवा उघड्या दाराच्या मागे तो लावला तर असून नसल्यासारखा होतो.

धावणारा माणूस कुठून आला

नकाशावरची चिन्हे कोण ठरवते? हिरव्या पाटीवर दारातून बाहेर धावणारी ती पांढरी आकृती आता मॉलमध्ये, विमानतळावर, मेट्रो स्थानकात सगळीकडे दिसते. तिचे मूळ जपानमध्ये आहे. १९७२मध्ये ओसाकातील एका मोठ्या दुकानाच्या इमारतीला आग लागून ११८ माणसे मेली. पुढच्याच वर्षी कुमामोतो शहरात दुसऱ्या अशाच दुकानात शंभराहून अधिक गेली. तेव्हा जपानमध्ये बाहेरच्या दाराची पाटी म्हणजे चिनी वळणाची तीन अक्षरे असत. धुरात ती ओळखू येत नसत आणि परदेशी पाहुण्याला तर उजेडातही वाचता येत नसत.

त्यानंतर चिन्हासाठी देशभर स्पर्धा झाली. सुमारे तीन हजार तीनशे आराखडे आले. निवडलेल्या कल्पनेला यूकिओ ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतिम रूप दिले. आंतरराष्ट्रीय पातळीवर सोव्हिएत संघाचाही एक आराखडा शर्यतीत होता. अखेर जपानचा स्वीकारला गेला आणि आज तो आयएसओ ७०१० या चिन्हसंचात आहे. त्याच संचात एकत्र जमण्याच्या ठिकाणाचे चिन्हही आहे. मध्ये माणसांचा घोळका आणि चारही कोपऱ्यांतून त्याच्याकडे येणारे बाण.

चिन्ह ‘लगेच कळते’ असे कुणी म्हटले म्हणून भागत नाही. ते तपासावे लागते. अमेरिकेच्या सुरक्षा चिन्हांच्या मानकात कसोटी अशी आहे की विचारलेल्यांपैकी किमान ८५ टक्के लोकांना चिन्हाचा अर्थ बरोबर सांगता आला पाहिजे. आणि नेमका उलटा, घातक अर्थ लावणारे पाच टक्क्यांहून अधिक नसावेत. दुसरी अट जास्त महत्त्वाची. अर्थ न कळलेला माणूस निदान इतरांना विचारतो किंवा त्यांच्या मागे जातो. उलटा अर्थ लावलेला माणूस आत्मविश्वासाने चुकीकडे जातो.

धावणारा माणूस या बाबतीत भक्कम आहे, कारण धावणे आणि दार या दोन्ही गोष्टी चित्रात दिसतात. एकत्र जमण्याचे चिन्ह मात्र तितके बोलके नाही. मध्ये येणारे बाण पहिल्यांदाच पाहणाऱ्याला ‘गर्दी’ किंवा ‘रांगेची जागा’ असाही अर्थ लागू शकतो. म्हणून या चिन्हाखाली शब्द हवेत. महाराष्ट्रात ते मराठीत हवेत आणि छोटे हवेत. ‘येथे जमा’ हे ‘आपत्कालीन समुच्चय स्थान’ यापेक्षा किती तरी बरे. रुग्णालयात येणाऱ्यांत लिहितावाचता न येणारी वृद्ध माणसे असतात, परराज्यातले कामगार असतात. त्यांच्यासाठी चित्र आधी, शब्द नंतर. तीन भाषांत लांबलचक सूचना लिहिल्या की प्रत्येक भाषेतले अक्षर बारीक होते आणि एकही भाषा दुरून वाचता येत नाही.

घरगुती चाचणी अवघड नाही. रुग्णालयाशी संबंध नसलेल्या दहा-बारा जणांना एकेक करून नकाशासमोर उभे करायचे आणि एवढेच सांगायचे, ‘आग लागली आहे, जा.’ बोलणे नको, खुणा नकोत. ते कुठल्या दिशेला पाऊल टाकतात आणि त्याआधी किती सेकंद थांबतात, ते लिहून ठेवायचे. एक जरी उलटा वळला तरी नकाशा पुन्हा पाहायला हवा.

आलेल्या वाटेनेच परतण्याची सवय

नकाशा बिनचूक असला तरी त्याच्यापुढे एक मोठा अडथळा असतो तो माणसाच्या सवयीचा. अनोळखी इमारतीत माणूस ज्या दाराने आत आला, त्याच दाराने बाहेर पडू पाहतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ रोजी ‘स्टेशन’ नाइट क्लबला आग लागली. बाहेर पडायला चार दारे होती. तरी बहुतेक लोक मुख्य दाराकडे गेले आणि दोन मिनिटांच्या आतच तिथे माणसांचा खच पडून दार बंद झाले. शंभर जण मेले.

आपल्या रुग्णालयातही नातेवाईक पश्चिमेच्या मुख्य जिन्याकडेच धावतील. नकाशाने त्यांच्या मनात दुसरा जिना आधीच घालून ठेवला असेल, तरच ते वळतील. धूर दाटल्यावर भिंतीपुढे थांबून कुणी नकाशा वाचणार नाही, वाचू शकणारही नाही. धूर आधी छताखाली साचतो आणि खाली उतरत येतो. डोळ्यांच्या उंचीवरचा कागद काही वेळातच दिसेनासा होतो. म्हणजे हा नकाशा आगीच्या आधी वाचायचा असतो. आगीच्या वेळी काम करतात त्या दारावरच्या प्रकाशित पाट्या, मार्गिकेतले बाण आणि वाट दाखवणारे कर्मचारी. नकाशा, पाटी आणि कर्मचारी हे तिघेही एकच वाट सांगत असतील तर माणूस अडखळत नाही.

आणि ती वाट प्रत्यक्षात मोकळी हवी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार रुग्णालयात कुठल्याही जागेपासून बाहेर पडण्याच्या मार्गापर्यंतचे चालण्याचे अंतर सर्वसाधारणपणे तीस मीटरपेक्षा जास्त नसावे. कागदावर हे अंतर बसते. पण पूर्वेकडच्या जिन्यावर जुन्या खाटा, सलाइनचे खोके ठेवलेले असतील, चोरीच्या भीतीने जाळीच्या दाराला कुलूप असेल आणि किल्ली रात्रपाळीच्या वॉचमनकडे, तर नकाशातला हिरवा पट्टा खोटा ठरतो. नकाशाला ते कळत नाही. हे तपासायचे तर नकाशा हातात घेऊन, शक्यतो रात्री, ती वाट प्रत्यक्ष चालून पाहावी लागते. वॉर्डमध्ये नवे पार्टिशन घातले, एखादे दार बुजवले की त्याच आठवड्यात नकाशाही बदलायला हवा. कोपऱ्यात छापलेली तारीख पाहिली की तो कितपत ताजा आहे, हे कळते.

बाहेर पडल्यावर कुठे

नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटे चित्र असते. संपूर्ण आवार, रस्ता, फाटक आणि एकत्र जमण्याची जागा. अनेक ठिकाणी हे चित्रच नसते, किंवा फक्त ‘असेंब्ली पॉइंट’ असे लिहून बाण आवाराबाहेर सोडलेला असतो.

आपल्या रुग्णालयात जमण्याची जागा पोर्चसमोर ठरवली होती, कारण तिथेच मोकळी जागा आहे. पण अग्निशमन दलाचा बंब आणि रुग्णवाहिका त्याच फाटकातून येणार. शंभर माणसे तिथे थांबली तर बंब अडतो, आणि वरच्या खिडक्यांच्या काचा त्यांच्याच अंगावर पडतात. मागच्या बाजूचे मोकळे अंगण बरे, पण तिथे ऑक्सिजनच्या सिलिंडरांचे गोदाम आहे. उरते ती आवाराच्या ईशान्य कोपऱ्यातली जागा. ती पूर्वेच्या जिन्यापासून जवळ, रस्त्याला लागून आणि बंबाच्या वाटेबाहेर आहे. मात्र तिथे आता दुचाक्या लावल्या जातात. म्हणजे निर्णय पार्किंग हलवण्याचा आहे. तो न घेता नकाशावर चिन्ह छापण्यात अर्थ नाही.

ही जागा एकच असण्याचे कारण मोजणी. दलाच्या जवानांचा पहिला प्रश्न असतो, ‘आत कुणी राहिले आहे का?’ लोक चार दिशांना पांगले, कुणी चहाच्या टपरीवर, कुणी घरी, तर या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. मग बाहेर सुखरूप असलेल्या माणसाला शोधण्यासाठी जवानांना धुरात शिरावे लागते. मोजणी कोण करणार, त्याच्या हातात कुठली यादी असणार, हे त्या चिन्हाइतकेच ठरलेले हवे.

नकाशा काय करू शकत नाही

रुग्णालयाची गोष्ट आणखी एका बाबतीत वेगळी आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षात आग लागली. कक्षात सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातील आगीत अकरा रुग्ण गेले. या दोन्ही कक्षांतल्या कुणालाही भिंतीवरचा नकाशा वाचून चालत जाता येणार नव्हते.

भिंतीवरचा नकाशा हा चालू शकणाऱ्यांसाठी, म्हणजे नातेवाईक, ओपीडीतले रुग्ण आणि पाहुणे यांच्यासाठी असतो. जे उठू शकत नाहीत त्यांच्यासाठी नियोजन वेगळे असते. त्यांना थेट जिन्याने खाली नेत नाहीत. आधी त्याच मजल्यावर, आग रोखणाऱ्या दारापलीकडच्या सुरक्षित भागात ढकलतात. खाट चाकांवर असल्याने हे काही मिनिटांत होऊ शकते, आणि धूर रोखणारे दार वेळ मिळवून देते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासोबत कोण जाईल, हाताने दाबायची अंबू पिशवी कुठे ठेवली आहे, ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कोण बंद करणार, एका पाळीत दोनच परिचारिका असतील तर आधी कुणाला हलवायचे, हे कर्मचाऱ्यांच्या आराखड्यात लिहिलेले आणि सरावाने अंगवळणी पडलेले हवे. नर्सिंग स्टेशनवरचा हा कागद आणि मार्गिकेतला नकाशा एकच करण्याचा मोह टाळावा. दोन्ही एका चित्रात कोंबले की पाहुण्याला वाट सापडत नाही आणि परिचारिकेला सूचना.

तरीही मार्गिकेतला नकाशा रुग्णाच्या कामी येतो, तो आडमार्गाने. पन्नास नातेवाईक न विचारता पूर्वेच्या जिन्याने खाली गेले, तर मार्गिका खाटांसाठी मोकळी राहते आणि दोन परिचारिकांचे चार हात रुग्णांसाठी उरतात. तेच नातेवाईक चुकीच्या बाणामुळे लिफ्टसमोर अडकले, तर त्यांच्यामागे खाटाही अडकतात.

येत्या जुलैच्या प्रमाणपत्राआधी रुग्णालये, लॉज आणि सभागृहांच्या व्यवस्थापनांना यातले निदान एक काम करता येईल. तपासणीच्या यादीतल्या ‘नकाशा लावला आहे का’ या ओळीखाली दुसरी ओळ लिहायची. ‘नकाशासमोर उभे राहिल्यावर उजवीकडे दाखवलेला जिना खरोखर उजव्या हाताला आहे का?’ त्यासाठी यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही. नकाशासमोर उभे राहायचे, हात पसरायचे आणि पाहायचे. रुग्णाला भेटायला आलेल्या कुणालाही लिफ्टची वाट पाहता पाहता हे करता येते. हात आणि बाण जुळत नसतील, तर तो नकाशा कुणी दुसरा वाचण्याआधी भिंतीवरून उतरवायला सांगणे योग्य.